चालू पैजेवर उलटी पैज : मुद्दल सोडवायला किती लावावे लागतात

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या नात्यातलं आहे. ओळख पटू नये म्हणून संघांची नावं आणि काही तपशील वगळलेत, आकडे मात्र वहीत उतरवले होते तसेच दिलेत.

माझा भाचा खानापूर तालुक्यातला. तीन वर्षांपासून इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. तिथे क्रिकेटवर पैज लावणं कायदेशीर आहे, परवानाधारक बुकमेकरकडे खातं उघडून उघडपणे लावता येते. एका टी-ट्वेंटी स्पर्धेच्या सुरुवातीला त्याने एका संघावर ‘स्पर्धा जिंकेल’ म्हणून पन्नास पौंड लावले. भाव मिळाला ९.००. तिकडच्या दशांश भावात आपले लावलेले पैसेही धरलेले असतात. म्हणजे संघ जिंकला तर हातात ५० गुणिले ९, म्हणजे ४५० पौंड येणार, त्यातले ५० स्वतःचेच, निव्वळ नफा ४००. आपल्याकडे याला ‘एकास आठ’ म्हणतील.

संघ कोणाच्या खिजगणतीत नव्हता. तो एकेक सामना काढत गेला आणि गुरुवारी रात्री उपांत्य फेरी जिंकून अंतिम सामन्यात पोहोचला. शुक्रवारी दुपारी भाच्याचा फोन आला. “मामा, अंतिम सामना रविवारी आहे. मी आज रात्रीच्या विमानाने मुंबईला निघालोय, तिथून बसने गावाला. दोन्हीकडून पैसे सुटतील असं काहीतरी करायचंय. सांगा की.”

मी बेळगावच्या शहापुरात हिशेबनीस आहे. निपाणीच्या तंबाखू वखारींची खाती वर्षानुवर्षं लिहिली, त्यामुळे खरेदीचा सौदा अंगावर असताना विक्रीचा सौदा बांधून मोकळं कसं व्हायचं, हे डोळ्यांसमोर घडताना पाहिलंय. पैजेचा मला शौक नाही. पण गणित तेच आहे, आणि पोराने विचारलं होतं.

अडचण

अडचण तीन पदरी होती.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. जे करायचं ते त्याला विमानात बसायच्या आधीच करावं लागणार होतं. त्याची खाती इंग्लंडमधल्या रहिवाशाची, भारतातून ती चालवायला परवानगी नाही. आणि आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली आहे, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. व्हीपीएन लावून, म्हणजे फोन इंग्लंडमध्येच आहे असं भासवून, इथून करता येईल का, हेही त्याने विचारलं. मी म्हटलं, करायचं नाही. कायदा तर आहेच. शिवाय खात्याच्या अटी मोडल्याचं कारण दाखवून बुकमेकरने पैसे अडकवले, तर ज्या ४५० पौंडांसाठी सगळी धावपळ चाललीय तेच बुडतील.

दुसरी गोष्ट पैशांची. पगार व्हायचा होता. घरभाडं बाजूला काढल्यावर त्याच्याकडे मोकळे १४० पौंड होते. भाड्याला हात लावायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवून घेतलं.

तिसरी गोष्ट त्याच्या समजुतीतली. “समोरच्या संघावर पन्नास लावतो, म्हणजे मुद्दल तरी सुटेल,” असं तो धरून चालला होता. समोरच्या संघाचा भाव होता १.७५. पन्नास लावून तो संघ जिंकला तर नफा पाऊणपट, म्हणजे साडेसदतीस पौंड. मूळ पन्नास गेलेले असणार. म्हणजे साडेबारा पौंडांचा खड्डा राहतोच. बरेच जण इथेच फसतात : लावलेल्या रकमेइतकीच उलटी रक्कम लावली की सुटलो, असं त्यांना वाटतं.

पर्याय

समोर तीन सरळ वाटा होत्या आणि एक वाकडी.

सरळ वाटांपैकी पहिली कॅश आउट. बुकमेकर स्वतःच पैज आज परत घ्यायला तयार होता, १८८ पौंड देत होता. ५० वजा केले तर नक्की नफा १३८. वरून एक पैसा घालावा लागत नाही, एक बटण दाबलं की काम झालं.

दुसरी वाट समोरच्या संघावर १.७५ ने पैसे लावायची.

तिसरी वाट एक्सचेंजची. तिथे बुकमेकर नसतो, माणसं एकमेकांत पैज घेतात आणि मालक जिंकणाऱ्याच्या नफ्यातून कमिशन कापतो. तिथे आपल्याच संघाविरुद्ध पैज घेता येते. आपल्या भागात याला ‘खाणे’ म्हणतात, सट्ट्याच्या बोलीत ‘लावणारा’ आणि ‘खाणारा’ असे दोघे असतातच. खाणाऱ्याचं म्हणणं असतं : हा संघ जिंकणार नाही. जिंकला तर तो समोरच्याला भावाप्रमाणे पैसे देतो, हरला तर समोरच्याने लावलेले पैसे त्याचे. भाच्याच्या संघाचा एक्सचेंजवर खायचा भाव २.१४ होता, कमिशन पाच टक्के.

वाकडी वाट भाच्याच्या चुलतभावाने सुचवली. “आपल्याकडचाच कोणीतरी घेईल की, इथेच खाऊन टाकू.” ती मी तिथल्या तिथे बंद केली. ही पैज कर्नाटक पोलीस कायद्याखाली गुन्हा आहे, आणि गणितानेही ती बसत नाही. दोन्ही बाजूंनी नक्की नफा होतो, तो दोन्ही बाजू पैसे देतील या गृहीतावर. एक बाजू परवान्याची आणि दुसरी नुसत्या तोंडी शब्दाची असेल, तर तोंडी बाजू जिंकून देणाऱ्या निकालातच पैसे बुडायची भीती. मग हातात पडते ती एकतर्फी पैज, तीही वाढवलेली.

हिशेब

मी घरातल्या कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून दोन रकाने आखले. डावीकडे ‘आपला संघ जिंकला’, उजवीकडे ‘हरला’. असा हिशेब नेहमी दोन रकान्यांतच मांडावा, सूत्र पाठ असलं तरी.

आधी दुसरी वाट. समोरच्या संघावर क्ष पौंड लावले तर डावीकडे ४०० वजा क्ष, आणि उजवीकडे क्षचा पाऊणपट वजा ५०. मुद्दल सुटण्यासाठी उजवा रकाना शून्यावर आणायचा, म्हणजे क्षचा पाऊणपट ५० झाला पाहिजे. ५० भागिले ०.७५, उत्तर ६६.६७. हा झाला न-नफा-न-तोटा आकडा. तेवढे लावून समोरचा संघ जिंकला तर भाच्याचं काहीच जात नाही, आणि आपला जिंकला तर ३३३.३३ नफा. दोन्ही रकाने सारखे करायचे असतील तर समोरच्या पैजेतूनही एकूण ४५० च परत यायला हवेत : ४५० भागिले १.७५, म्हणजे २५७.१४ लावायचे. मग कोणीही जिंको, नफा १४२.८६.

आता खायची वाट. ख पौंडांची पैज २.१४ ने खाल्ली, तर आपला संघ जिंकल्यावर खच्या १.१४ पट द्यावे लागणार. एक्सचेंज ही रक्कम आधीच खात्यात अडकवून ठेवतं, तिला मी ‘अडकणारी रक्कम’ म्हणतो. संघ हरला तर ख मिळणार, पण कमिशन जाऊन ०.९५ पटच.

मुद्दल सुटायला : खची ०.९५ पट बरोबर ५०, म्हणून ख ५२.६३. अडकणार ६० पौंड. संघ जिंकला तर नफा ४०० वजा ६०, म्हणजे ३४०. समोरच्या संघावर लावण्यापेक्षा ६.६७ पौंड जास्त, तेही कमिशन देऊन.

दोन्हीकडे सारखा नफा हवा असेल तर मूळ पैजेचे येणारे पैसे भागिले, भावातून कमिशन वजा करून उरलेला आकडा :

```
ख = ४५० ÷ (२.१४ − ०.०५) = २१५.३१
```

अडकणार २४५.४५, आणि नफा दोन्हीकडे जवळजवळ १५४.५५. म्हणजे कॅश आउट १३८, समोरच्यावर लावून १४२.८६, खाऊन १५४.५५. फरक येतो तो ज्याने त्याने आपल्या भावात ठेवलेल्या कमाईमुळे.

या हिशेबातली एक गोष्ट मलाही मांडल्यावरच नीट दिसली. खायच्या वाटेत मुद्दल सोडवणारा आकडा भावावर अवलंबूनच नाही. ५० भागिले ०.९५, मग भाव २.१४ असो की ४.००. बदलते ती फक्त अडकणारी रक्कम. उपांत्य फेरीच्या आधी संघाचा स्पर्धा जिंकण्याचा भाव चारच्या आसपास होता. तेव्हा तेच ५२.६३ खाल्ले असते तर १५७.८९ अडकले असते, आणि स्पर्धा जिंकल्यावरचा नफा ३४० ऐवजी २४२ वर आला असता. “कालच करायला हवं होतं” अशी भाच्याची चुटपुट होती, तिला हे उत्तर. काल केलं असतं तर काल हरण्याची भीती गेली असती, पण त्याची किंमत जवळजवळ शंभर पौंड पडली असती.

वरची मर्यादाही बघून ठेवावी. ३५०.८८ च्या वर खाल्लं तर संघ जिंकूनही तोटा होतो. ५२.६३ आणि ३५०.८८ यांच्यामध्ये कुठलाही आकडा घेतला तरी दोन्ही रकान्यांत उणे येत नाही. बाकी सगळी निवड या पट्ट्यातली.

कुठल्या बाजारात उलटी पैज लावायची

इथे आम्ही जवळजवळ चुकलो होतो. भाच्याने आधी रविवारच्या ‘सामना कोण जिंकणार’ या यादीतला भाव काढला होता. मूळ पैज मात्र ‘स्पर्धा कोण जिंकणार’ अशी होती. अंतिम सामन्याला दोन्ही एकच वाटतात, पण बरोबरी झाली की वेगळे होतात.

२०१९ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. इंग्लंड आणि न्यूझीलंड बरोबरीत, सुपर ओव्हरही बरोबरीत, आणि २६ विरुद्ध १७ चौकार-षटकारांवर चषक इंग्लंडला गेला. अशा वेळी सामन्याची पैज सुपर ओव्हर धरून निकाली काढायची की बरोबरी मानून निम्मी-निम्मी, हे ज्याच्या त्याच्या नियमांत लिहिलेलं असतं. समजा नियम निम्म्याचा आहे आणि भाच्याने समोरच्या संघावर २५७.१४ लावलेत. सामना बरोबरीत सुटला. निम्म्या रकमेवर १.७५ भाव मिळून २२५ परत आले, म्हणजे इथे ३२.१४ चा तोटा. वर सुपर ओव्हरमध्ये चषक समोरच्याला गेला, तर मूळ ५० ही गेले. ‘नक्की नफा’ म्हणून बांधलेल्या जोडीत ८२ पौंड खिशातून जातात.

म्हणून आम्ही ठरवलं की उलटी पैज स्पर्धा विजेत्याच्याच बाजारात घ्यायची. वरचे १.७५ आणि २.१४ हे भाव मी त्याच बाजारातले धरलेत. संयुक्त विजेत्यांचा नियमही भाच्याकडून वाचून घेतला, कारण २००२ मध्ये कोलंबोत पावसाने अंतिम सामना दोनदा धुऊन नेला आणि भारत-श्रीलंका संयुक्त विजेते ठरले होते. तसं झालं तर दोन्ही ठिकाणी निम्म्याने हिशेब होणार होता, आणि त्यात भाचा नफ्यातच राहत होता.

काय केलं

सारखा नफा हवा तर २४५ पौंड अडकवायला हवे होते, आणि हातात १४०. तेव्हा मी उलट बाजूने हिशेब केला : १४० अडकले तर किती खाता येतील? १४० भागिले १.१४, म्हणजे १२२.८१. संघ हरला तर ११६.६७ मिळून, मूळ ५० जाऊन, ६६.६७ नफा. जिंकला तर ४०० वजा १४०, म्हणजे २६०. रकाने सारखे नाहीत, पण दोन्हीकडे अधिक. भाचा म्हणाला, “हरल्यावरही विमानाच्या तिकिटाला थोडा हातभार लागतो, मामा. करतो.”

विमानतळावर पोहोचून त्याने पैज टाकली, आणि थोडा भाव वाचवावा म्हणून २.१४ ऐवजी २.१० ने खायला ठेवली. एक्सचेंजवर समोर कोणी लावणारा मिळाला तरच पैज पक्की होते. सुरक्षा तपासणीच्या रांगेतून त्याने फोन केला तेव्हा पडद्यावर १२२.८१ पैकी फक्त ३१ पौंड पक्के झाले होते, बाकीचे तसेच लटकलेले. मी विचारलं, तुझं विमान कधी सुटतं? पाऊण तासाने. मग भावासाठी ताणायला वेळ कुठे आहे? उरलेली पैज रद्द करून त्याने २.१४ ने टाकली, लगेच घेतली गेली. पक्क्या झालेल्या पैजांचं पान उघडून एकूण आकडा मोजायला लावला आणि मगच फोन ठेवला. लटकलेली पैज ही पैज नसते, आणि विमानात बसल्यावर तिचं काही करता येत नाही. ३१ पौंड २.१० ने गेल्यामुळे अडकलेली रक्कम सव्वा पौंडाने कमी झाली, एवढाच त्या ताणाताणीचा लाभ.

निकाल

रविवारी भाचा घरी होता. सगळ्यांनी सामना एकत्र पाहिला, समोर कुंद्याची थाळी होती. त्याचा संघ जिंकला.

एक्सचेंजवर अडकलेले साधारण १३९ पौंड गेले, बुकमेकरकडे ४५० जमा झाले, निव्वळ नफा २६१ च्या आसपास. चुलतभाऊ म्हणाला, “उगाच एकशेचाळीस घालवलेस.” भाचाही थोडा गप्प झाला. मी त्याला कॅलेंडरचं ते पान दाखवलं. शुक्रवारी उजवा रकानाही तितकाच खरा होता.

पैसे हातात यायला मात्र वेळ लागला. हरलेली बाजू एक्सचेंजने त्याच रात्री कापून घेतली. जिंकलेली बाजू बुकमेकरच्या खात्यात दिसत होती, पण एवढी रक्कम पहिल्यांदाच काढायची म्हणून ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागितला. तो इंग्लंडला परतल्यावर देता आला आणि मग पैसे बँकेत पडले. मधल्या तीन आठवड्यांत त्याच्याकडे आधीपेक्षा १३९ पौंड कमीच होते. भाडं वेगळं ठेवलं होतं म्हणून निभावलं. दोन्हीकडे नफा बांधला तरी रोख रक्कम एका बाजूने लगेच जाते आणि दुसरीकडून उशिरा येते, हे आम्ही हिशेबात धरलं नव्हतं. कागदपत्रांची तपासणी पैज लावतानाच पुरी करून ठेवायला हवी होती.

काय वेगळं करता आलं असतं

आणखी एक चूक माझी होती, आणि ती मला सामन्यानंतर चार दिवसांनी, एका सोसायटीची खाती लिहिताना सुचली. मी तीन वाटा तीन वेगळ्या वाटा म्हणून मांडल्या. त्या एकत्र जोडता येतात, हे डोक्यात आलं नाही.

बुकमेकर अर्धा कॅश आउटही देत होता. भाच्याने पडद्याचं चित्र पाठवलं होतं, त्यात तो पर्याय स्पष्ट दिसत होता. अर्धी पैज ९४ पौंडांना परत दिली असती तर उरलेल्या अर्ध्यावर २२५ यायचे राहिले असते. तेवढ्यासाठी खायचं २२५ भागिले २.०९, म्हणजे १०७.६६, आणि अडकणारी रक्कम १२२.७३. हातातल्या १४० मध्ये आरामात बसते. संघ जिंकला तर ९४ अधिक २२५, वजा १२२.७३, वजा मूळ ५० : नफा १४६.२७. हरला तर ९४ अधिक १०२.२८, वजा ५० : नफा १४६.२८.

म्हणजे त्याने फोनवर जे मागितलं होतं, दोन्हीकडून सारखं सुटायचं, ते त्याच १४० पौंडांत होत होतं. संघ हरला असता तर माझ्या हिशेबामुळे त्याला ६७ मिळाले असते, १४६ नव्हे. संघ जिंकला म्हणून ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

भाच्याला मी हे फोन करून सांगितलं. कॅलेंडरच्या त्याच पानावर तिसरी ओळ लिहून त्याचा फोटोही पाठवला.